पगार मागा, पण आधी किलोमीटर मोजा

जुन्नर-आंबेगावात मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह म्हणजे बहुतेकदा बियाणं, खतं किंवा ठिबकच्या कंपनीसाठी बाईकवरची फिरती. त्यामुळे ऑफरमधला नुसता पगार बघून भागत नाही.

समजा, नारायणगाव, मंचर, घोडेगाव असं रोज ८० किलोमीटर फिरायचंय. २५ दिवसांचे झाले २,००० किलोमीटर. बाईक लिटरला ५० देते आणि पेट्रोल १०० रुपये धरलं, तर महिन्याचा खर्च ४,००० रुपये. कंपनी ठरावीक २,०००च देणार असेल, तर वर्षाला २४,००० रुपये तुमच्या खिशातून गेले. मग पगारात हजार वाढवून घेतले तरी खड्डा भरत नाही. त्यापेक्षा किलोमीटरमागे दर मागा. सर्व्हिसिंग आणि टायर धरून तो दोन रुपयांच्या वरच हवा.

बाकीच्या कंपन्या काय देतात, हे कृषी सेवा केंद्रात येणाऱ्या त्यांच्याच पोरांना विचारा.

बोलायची वेळ एकच: ऑफर हातात आल्यावर, होकार कळवण्याआधी. ‘जॉइन व्हा, नंतर बघू’ असं उत्तर आलं, तर दर ऑफर लेटरमध्येच लिहून मागा. नंतरचं ‘बघू’ कुणी बघत नाही.