ईमेलमध्ये मालाचे खरे सांगा

नवे दुकान उघडले की पूर्वी आपण हॅण्डबिले वाटायचो. आताची मुले लाइफस्टाइल ब्लॉगरला ईमेल पाठवतात. यात गैर काही नाही. पण ते पत्र कसे लिहावे, हे व्यापारी बांधवांनी शिकून घेतले पाहिजे.

माझ्या भाच्याने छत्रपती संभाजीनगरात हिमरू शालींचे छोटे दुकान टाकले. पोशाखावर लिहिणाऱ्या एका बाईंना त्याने ईमेल केला. सोबत बारा फोटो, 'शेकडो वर्षांची परंपरा', 'सर्वोत्तम दर्जा' आणि शेवटी, 'आमच्यावर लिहा, एक शाल भेट देऊ.' उत्तर आले नाही. "मामू, गरिबाच्या दुकानाकडे कोण बघतो!" तो म्हणाला. मी पत्र वाचले. दोष बाईंचा नव्हता.

परंपरा तर शहरातला प्रत्येक हिमरूवाला सांगतो. याच्या दुकानात निराळे काय? मागच्या खोलीत दोन हातमाग चालतात. सुती ताण्यावर रेशमी बाणा कसा बसतो, ते गिऱ्हाईक उभे राहून पाहू शकते. नेमकी हीच गोष्ट पत्रात नव्हती!

दुसरी चूक मोठी. निम्मा माल पॉवरलूमचा असताना पत्रात सरसकट 'हातमाग' लिहिले होते. पॉवरलूमचा माल विकणे गुन्हा नाही, पण त्याला हातमाग म्हणणे ही फसवणूक आहे. बाईंनी तसेच छापले असते आणि एखाद्या जाणकाराने शाल ओळखली असती, तर त्यांची आणि आपली, दोघांचीही पत गेली असती.

तिसरी गोष्ट भेटीची. जाहिरात मानक परिषदेच्या 2021 च्या नियमांप्रमाणे आणि ग्राहक खात्याच्या 2023 च्या सूचनांप्रमाणे, भेट घेऊन लिहिले तर तसे उघड सांगावे लागते. लेख हवा असेल तर भेटीचे आमिष नको. जाहिरात हवी असेल तर तिला जाहिरातच म्हणा.

आम्ही पत्र पुन्हा लिहिले. विषयात एवढेच: 'हिमरूचा माग समोर चालतो असे नवे दुकान'. मजकूर असा: 'विणकरांवरचा आपला लेख वाचला. आमच्याकडे दोन हातमाग आहेत, त्यांवर महिन्यात पाच-सहा शालीच उतरतात. बाकीचा माल पॉवरलूमचा असून त्यावर तशी चिठ्ठी आहे. शुक्रवार सोडून सकाळी दहा ते एक माग चालू असतो. येऊन पाहा, विणकरांशी बोला. दोन फोटो जोडले आहेत.' खाली पत्ता, भाव आणि फोन.

पाच-सहा शालींचा आकडा भाच्याला नको होता. मी आग्रहाने ठेवला. लेख वाचून पन्नास जणांनी हातमागाची शाल मागितली, तर देणार कुठून? मग पॉवरलूमचीच शाल पुढे करण्याचा मोह होतो.

आठवड्याने एकच आठवण पाठवली. त्यानंतर बाईंचे दोन ओळींचे उत्तर आले: 'विणकर बोलायला तयार आहेत का? पॉवरलूमची चिठ्ठी मला दाखवाल का?'

त्या दिवशी भाच्याने आधी राहिलेल्या शालींवर चिठ्ठ्या लावल्या आणि मगच उत्तर लिहिले.