काकूंच्या पत्रात 'खोटे कागद' हा शब्दच नव्हता

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या एक काकू रडत रडत घरी आल्या. यजमान एस.टी.त होते, ते गेले. फॅमिली पेन्शनवर घर चालतं, मुलगा-सून जवळच असतात. लेक फ्रान्समध्ये लिऑनला, तिचं बाळंतपण आलेलं. काकूंनी व्हिसाचा अर्ज केला होता, तो नाकारला गेला. हातात दोन कागद होते. एक नकाराचं पत्र, दुसरं गावातल्या एका सेवा केंद्रातून २०० रुपये देऊन करून आणलेलं त्याचं मराठी भाषांतर. त्यात लिहिलं होतं : "आपली कागदपत्रे खोटी आढळली असून आपण फ्रान्समधून परत येणार नाही, असे सिद्ध झाले आहे."

"अरे, मी आयुष्यात खोटी सही केली नाही रे," काकू म्हणाल्या.

मी मूळ पत्र पाहिलं. शेंगेन व्हिसाच्या नकाराचा छापील नमुना असतो, सगळ्या २९ देशांचा एकच. कारणं क्रमांकाने छापलेली असतात आणि लागू असेल त्या चौकटीत खूण करतात. बहुतेक वेळा त्यापलीकडे एक ओळही लिहिलेली नसते. काकूंच्या पत्रावर दोन खुणा होत्या : क्रमांक १० आणि क्रमांक १३.

दहावं कारण सांगतं की मुक्कामाचं प्रयोजन आणि मुक्कामाची परिस्थिती यांबद्दल दिलेली माहिती विश्वासार्ह नाही. तेराव्याचा अर्थ असा : व्हिसाची मुदत संपण्याआधी सदस्य देशांच्या हद्दीतून बाहेर पडण्याच्या तुमच्या इराद्याबद्दल वाजवी शंका आहेत. कागदपत्रांच्या खरेपणाबद्दल शंका असेल तर त्यासाठी क्रमांक १२ आहे. काकूंच्या पत्रावर ती चौकट कोरी होती. म्हणजे जो आरोप झालाच नव्हता, तो भाषांतर करणाऱ्याने २०० रुपये घेऊन त्यांच्या माथी मारला!

आणि नुकसान फक्त मनस्तापाचं नव्हतं. अपिलाचा मसुदाही त्याच केंद्राने करून दिलेला. दोन पानं, सगळी "माझे कागद खरे आहेत" यावर. आधार कार्ड, पॅन, रेशन कार्ड, यजमानांचा मृत्यूचा दाखला, सरपंचांचं चारित्र्य प्रमाणपत्र. क्रमांक १० आणि १३ यांना एका वाक्याचंही उत्तर नाही. फ्रान्सच्या अल्प मुदतीच्या व्हिसासाठी नकार हातात पडल्यापासून ३० दिवसांत नान्त शहरातल्या व्हिसा विभागाकडे अपील पोचवावं लागतं. ही पायरी चुकवून थेट कोर्टात जाता येत नाही. काकू आल्या त्या दिवशी अठरा दिवस संपले होते.

केंद्रातल्या पोराला मी फार दोष देत नाही. त्याने 'समजावून' सांगितलं. आपल्याकडे सरकारी कागदाचं भाषांतर म्हणजे सार सांगणं असंच आपण धरतो. आम्ही पत्रकार तरी काय वेगळे? 'संशयित'चा 'आरोपी' मीही हेडिंगमध्ये करून बसलोय, आणि दुसऱ्या दिवशी माफी छापलीय. पण अपिलाच्या कागदाला सार चालत नाही. तिथे ज्या शब्दाने नाकारलं, त्याच शब्दाला उत्तर द्यायचं असतं.

मग संध्याकाळी आम्ही बसलो आणि ओळीला ओळ लावली. पहिली अडचण मराठीचीच निघाली. पत्रातला 'पर्पज' आणि पत्रातलं 'इन्टेन्शन' या दोन्हींना आपण सरसकट 'हेतू' म्हणतो. दोन्हीकडे हेतू लिहिलं की दहावं आणि तेरावं कारण एकच वाटायला लागतं. म्हणून ठरवलं : पहिल्याला सगळीकडे प्रयोजन, दुसऱ्याला सगळीकडे इरादा, शेवटपर्यंत बदलायचं नाही. तसंच 'कंडिशन्स'. केंद्राने 'अटी' लिहिलं होतं. इथे अटींचा काही संबंध नाही. कुठे राहणार, कोणाकडे, किती दिवस, ही मुक्कामाची परिस्थिती. 'डाउट' म्हणजे शंका, 'सिद्ध झाले' नव्हे. आणि 'सदस्य देश' म्हणजे एकटं फ्रान्स नव्हे. प्रत्येक कारणाचा क्रमांक मराठीतही तसाच ठेवला.

एवढं झाल्यावर फाइल वेगळीच दिसायला लागली. परिस्थिती म्हणजे मुक्काम, असं कळल्यावर काकूंच्या मुलाने मुक्कामाचे कागद शेजारी शेजारी मांडले. अर्जात ८० दिवस. जावयाने तिथल्या नगरपालिकेतून, म्हणजे मेरीतून, काढलेल्या यजमानपत्रात ६० दिवस. बाळंतपणाची तारीख बदलली तेव्हा अर्ज बदलला, यजमानपत्र जुनंच राहिलं. कागद दोन्ही खरे, पण एकमेकांशी जुळत नाहीत. 'खोटे कागद' डोक्यात धरून बसलो असतो तर हे सापडलंच नसतं.

इथे मात्र उलटी चूक टाळायला हवी. मुलगा लगेच लिहायला निघाला, "तारखांच्या फरकामुळे आपण व्हिसा नाकारला". पत्रात तसं लिहिलेलं नाही, तो आपला अंदाज आहे. म्हणून मुद्दा असा घेतला : "कारण क्रमांक १० बाबत : अर्जातील कालावधी व यजमानपत्रातील कालावधी यांत २० दिवसांचा फरक होता. त्याचे कारण असे. नवीन यजमानपत्र सोबत जोडले आहे."

तेराव्यासाठी परत येण्याची कारणं हवीत. पेन्शन इथेच जमा होते, मुलगा इथे राहतो, आणि जमीन. केंद्राच्या मसुद्यात काकू "चार एकरांच्या मालक" होत्या. सातबारा काढला तर क्षेत्र १ हेक्टर ६२ आर, तेही दोन दिरांसोबत सामाईक, म्हणजे काकूंच्या वाट्याला ५४ आर. इतर अधिकारात सोसायटीचा बोजा. मुलगा म्हणाला, "बोजा कशाला सांगायचा, काका?" पण सातबारा जोडणार, त्याचं भाषांतर जोडणार आणि तेवढी एकच ओळ गाळणार? विश्वासार्हतेवरच नकार आलेल्या माणसाने हे करणं म्हणजे पायावर धोंडा. "सामाईक, हिस्सा एक तृतीयांश, सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा" असं जसंच्या तसं गेलं. लहान जमीन मोठी करून सांगितल्याने माणूस परत येणार असं कोणी मानत नाही.

अपील फ्रेंचमध्ये लागतं. लेकीने तिकडे फ्रेंच केलं, आम्ही व्हिडिओ कॉलवर उलटं वाचून घेतलं. तिने एक वाक्य मराठीत परत सांगायचं आणि ते आमच्या वाक्याशी जुळतंय का ते मुलाने बघायचं. 'शंका'च्या जागी दोनदा 'आरोप' आला, तो बदलला. खाली काकूंची सही, नकारपत्राची प्रत जोडलेली. पंचविसाव्या दिवशी ते नान्तला पोचलं.

आता हे मिळेलच असं नाही. दोन महिन्यांत उत्तर आलं नाही तर तोही नकारच धरतात, आणि पुढचा रस्ता नान्तच्या प्रशासकीय न्यायालयाचा, वकिलाच्या खर्चाचा. बाळंतपण तोवर थांबत नाही. काकूंनी नव्याने अर्ज करायचं ठरवलंय, या वेळी तारखा जुळवून.

माझं म्हणणं सेवा केंद्रवाल्यांना आहे, आणि त्यातले बरेच जण ही पोस्ट वाचतात. भाषांतराचे २०० घ्या, ४०० घ्या. पण क्रमांक गाळू नका, दोन कारणांचं एक करू नका, आणि न समजलेल्या शब्दाखाली मूळ शब्द तसाच लिहून "हा कळला नाही" असं सांगा. ज्या चौकटी कोऱ्या आहेत त्याही गिऱ्हाईकाला दाखवा. काकू पत्र हातात धरून आठवडाभर शेजाऱ्यांच्या घरी गेल्या नाहीत. बाराव्या चौकटीवर बोट ठेवून "ही कोरी आहे बघा" म्हटलं, तेव्हा त्यांनी चष्मा पुसून दोनदा बघितलं आणि मग चहा मागितला.