सही कोणाची, हिशेब कोणाचा?

आज वाडे, सण बाजूला ठेवून बँकेतली एक आठवण सांगतो.

आंध्रच्या 1998 च्या कायद्याने गावोगावी पालकांच्या शाळा समित्या आल्या. खातं हेडमास्तर आणि अध्यक्ष यांच्या जोडसहीचं. एकदा आपल्या आदिलाबाद भागातल्याच एका गावच्या अध्यक्षबाई काउंटरवर आल्या. चेकबुकातल्या सगळ्या कोऱ्या चेकवर त्यांची सही! मी विचारलं, "ताई, किती काढायचेत?" म्हणाल्या, "ते सरांना ठाऊक, साहेब. मी फक्त सही करते." मी त्यांना पासबुक वाचून दाखवलं. शाळेच्या खात्यात पैसे असतात, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पुढे शिक्षण हक्क कायदा आला. समितीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या बायका. तेलंगणात दर वर्गाचे तीन पालक, म्हणजे पाच वर्गांचे पंधरा. 2024 मध्ये दुरुस्तीच्या कामांसाठी बचत गटाच्या बायकांच्या 'अम्मा आदर्श' समित्याही आल्या. म्हणजे कागदावर माणसं भरपूर. पण शिक्षक सरकारचा, पाटीवर नाव मंडल परिषदेचं, नळ आणि झाडलोट पंचायतीकडे मागायची. नळ बंद पडला की जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

आता पैशाचं बघा. समग्र शिक्षाच्या अनुदानात तीस मुलांपर्यंत वर्षाला 10,000 रुपये, एकतीस ते शंभर मुलांना 25,000. समजा शाळेत तेहतीस मुलं आहेत. जूनमध्ये तिघं खाजगी शाळेच्या बसमध्ये चढली, की पटावर तीस उरतात आणि 15,000 गेले. खडू, विजेचं बिल, फिनेल मात्र तेवढंच लागतं. बेला-जैनथकडच्या लहान मराठी शाळांना हा घाव जास्त बसतो. आपली नातवंडं बसने पाठवणाऱ्यांत मीही आहे, म्हणून हे लिहिताना मलाच टोचतं.

दुसरी गोम बँकेतली. हल्ली हे खातं शून्य शिलकीचं असतं. शाळेला फक्त खर्चाची मर्यादा मिळते आणि 31 मार्चला न वापरलेली मर्यादा परत जाते. अध्यक्ष बदलला की ठराव, केवायसी, नमुना सही हे सगळं नव्याने. ते दोन महिने रखडलं आणि मार्च उजाडला, तर पैसे मंजूर होऊनही शाळेला काही मिळत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. समितीला नवे अधिकार नंतर द्या. आधी आलेली रक्कम आणि झालेला खर्च दर महिन्याला शाळेच्या फळ्यावर लिहा. पाणी आणि सफाई पंचायतीच्या ठरावात नावानिशी कोणाकडे तरी द्या. आणि डिसेंबरच्या बैठकीत एकच विचारा, "मर्यादा किती उरली?" उत्तर लगेच आलं नाही, तर समजा की कोऱ्या चेकवर सह्या अजून चालू आहेत.

तुमच्या गावात काय चालतं? खाली जरूर लिहा.