‘सुधारणा आवश्यक’ म्हणजे नेमके काय?



गेल्या फेब्रुवारीतील गोष्ट. आमच्या शेजारचे एक भांड्यांचे व्यापारी चौविहार आटोपून माझ्याकडे आले. पालकसभेतून आणलेले मुलाचे पत्रक त्यांच्या हातात होते. मुलगा सहावीत. गणितापुढे शिक्षिकेने लिहिले होते, ‘सुधारणा आवश्यक’. “काका, तीन पिढ्या व्यापारात गेल्या आमच्या, आणि याला गणित येईना! आता शिकवणी बदलू की शाळा?” त्यांचा सूर हताश होता.

मी त्यांना प्रथम एक गोष्ट सांगितली, जी पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. शिक्षण हक्क कायद्यानंतर 2010 पासून आपल्या राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले. त्यातील वर्णनात्मक नोंदींत ‘विशेष प्रगती’, ‘आवड व छंद’ यांबरोबरच ‘सुधारणा आवश्यक’ असा एक रकानाच असतो. अनेक शाळांच्या पत्रकांत हे शब्द शिक्षकाने सुचलेले नसून छापलेले असतात, आणि त्या रकान्यात हुशार मुलासाठीही काहीतरी लिहावेच लागते. म्हणून शेरा वाचताना पहिला प्रश्न हा, की हे शब्द रकान्याचे आहेत की बाईंचे? या पत्रकात ते बाईंच्या हस्ताक्षरात, केवळ गणितापुढे होते. म्हणजे त्यांना काही सांगायचे होते. जागा मात्र दोन शब्दांपुरतीच होती.

शेरा मोघम असला तरी त्याच्या शेजारचे आकडे मोघम नसतात. सहावीला प्रत्येक विषयाच्या शंभर गुणांपैकी पन्नास आकारिक मूल्यमापनाचे, म्हणजे वर्षभराच्या कामाचे, आणि पन्नास सत्राअखेरच्या संकलित परीक्षेचे असतात. आकारिकात तोंडी काम, प्रकल्प, स्वाध्याय, छोटी लेखी चाचणी अशी निरनिराळी साधने असतात. या मुलाला तोंडी कामात दहापैकी आठ, प्रकल्पात दहापैकी नऊ, स्वाध्यायात दहापैकी चार आणि चाचणीत वीसपैकी सात गुण होते. वडिलांनी फक्त बेरीज पाहिली होती, पन्नासपैकी अठ्ठावीस. ओळीने पाहिले तर चित्र निराळे दिसते. बोलताना आणि करताना मुलगा उत्तम, कागदावर लिहिताना मात्र घसरतो. ज्याला गणित ‘येत नाही’ त्याचे तोंडी गुण असे नसतात.

मग मी चाचणीची उत्तरपत्रिका मागवली. प्रकरण नफा-तोट्याचे होते. बँकेत ताळेबंद जुळत नसे तेव्हा आम्ही आधी पाही, की फरक विखुरलेले आहेत की एकाच प्रकारचे. विखुरलेले फरक घाईचे असतात. एकच फरक पुन्हापुन्हा येत असेल, तर कोणीतरी चुकीचा नियम मनात धरून बसलेला असतो. येथे तेच निघाले. दोनशेची वस्तू अडीचशेला विकली, शेकडा नफा किती? मुलाचे उत्तर वीस. पाचशेची वस्तू चारशेला विकली, शेकडा तोटा किती? उत्तर पंचवीस. पुस्तकाप्रमाणे पहिल्याचे उत्तर पंचवीस आणि दुसऱ्याचे वीस. वजाबाकी, गुणाकार, भागाकार, सारे बिनचूक. शेकडेवारीच्या चार उदाहरणांत त्याने भागाकार विक्री किमतीने केला होता. जेथे केवळ रुपयांत नफा विचारला होता, ते पाचवे उदाहरण अगदी बरोबर होते.

“अरे, हे अडीचशे खाली का घेतलेस?” मी विचारले.

“आजोबा, दुकानात काका असेच काढतात. अडीचशेच्या कळशीत पन्नास सुटले, म्हणजे शेकडा वीस.”

वडील क्षणभर गप्प झाले, मग हसले. मुलाचे म्हणणे दुकानाच्या दृष्टीने खोटे नव्हते. आपल्यापैकी अनेकजण मार्जिन विक्रीवर काढतात, कारण दिवसाचा गल्ला हाती असतो आणि त्यातले आपले किती हे जाणायचे असते. शालेय पुस्तक मात्र शेकडा नफा किंवा तोटा खरेदी किमतीवर मोजते, कारण गुंतवलेल्या पैशावर काय मिळाले, हा त्याचा प्रश्न असतो. मुलाने दुकानचा नियम वर्गात नेला होता. शिकवणी बदलून हे सुटले नसते.

आता बाईंना उत्तर लिहायचे होते. वडिलांनी आधीच केलेला मसुदा असा होता : ‘मुलगा घरी नियमित अभ्यास करतो. वर्गात त्याच्याकडे वैयक्तिक लक्ष द्यावे, ही विनंती.’ यात उद्धट काही नाही. परंतु वाचणाऱ्याला करण्याजोगे काहीच नाही. मोघम शेऱ्याला मोघम उत्तर, एवढेच. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात ‘लक्ष द्यावे’ या शब्दांचे बाईंनी काय करावे? आम्ही दोघांनी ते पत्र नव्याने लिहिले :

‘आदरणीय बाई, सादर प्रणाम. आपला गणिताचा शेरा वाचला आणि चाचणीची उत्तरपत्रिका मुलासोबत बसून पाहिली. शेकडा नफा-तोटा काढताना तो खरेदी किमतीऐवजी विक्री किमतीने भागतो, असे दिसले. दुकानातील पद्धत पाहून ही सवय लागली असावी. दोन्हींतील फरक घरी समजावला असून तो रोज दोन उदाहरणे सोडवील. स्वाध्यायात मात्र चारच गुण का आहेत, याचा उलगडा आम्हांस झाला नाही. आपल्या शेऱ्यामागे आणखी काही कारण असल्यास कृपया त्याच्या वहीत एक ओळ लिहावी. तीन आठवड्यांनी, आपणांस सोयीचे असेल त्या दिवशी, वही घेऊन भेटावयास येऊ.’

पत्रात दोषारोप नाही आणि सबबही नाही. आपण काय पाहिले, काय करीत आहोत आणि काय कळले नाही, एवढेच आहे. विचारलेला प्रश्न एकच, आणि त्याचे उत्तर एका ओळीत देता येते. पत्र व्हॉट्सॲपवरील पालकांच्या गटात न टाकता वहीतूनच पाठवले. चारचौघांत विचारलेल्या प्रश्नाला शिक्षक सावधपणे उत्तर देतात, आणि सावध उत्तर पुन्हा मोघमच असते.

दोन दिवसांत वहीत उत्तर आले : ‘पायऱ्या लिहीत नाही. फक्त उत्तर लिहितो.’ म्हणजे आमचा शोध अर्धाच होता. गल्ल्यावर बसून तोंडी हिशेब करण्याची सवय लागलेला हा मुलगा स्वाध्यायात सूत्र, मांडणी, काहीच लिहीत नसे. उत्तर चुकले की त्या उदाहरणाचे सगळे गुण जात, कारण अधलीमधली बरोबर पायरी कागदावर नसेच. आणि पायऱ्या नसल्यामुळे तो कोठे चुकतो हे बाईंनाही दिसत नव्हते. ‘सुधारणा आवश्यक’ या दोन शब्दांचा त्यांच्या मनातील अर्थ हा होता.

सर्वच शेरे असे गुणांतून उलगडत नाहीत, हे येथे सांगितले पाहिजे. ‘लक्ष विचलित होते’ असे लिहिलेले असेल तर गुणांच्या रकान्यात फारसे सापडत नाही. तेथे कोणत्या तासाला आणि कोणत्या बाकावर बसला असता, हे विचारावे. फळ्यावरचेच काम मागे राहत असेल, तर आधी डोळे तपासून घ्यावेत.

आमच्या या मुलासाठी वडिलांनी दुकानातली एक जुनी वही काढली. प्रत्येक उदाहरणाखाली तीन ओळी सक्तीच्या : खरेदी किंमत, विक्री किंमत, नफा किंवा तोटा, मगच शेकडेवारी. रविवारी दुकानातील एक वस्तू घेऊन तिचा नफा दोन्ही पद्धतींनी काढायचा आणि कोणता आकडा कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे शेजारी लिहायचे. पहिला आठवडा कुरकुरीत गेला. “उत्तर बरोबर आहे ना, मग एवढे कशाला लिहायचे?” हे पालुपद रोजचे होते.

ठरल्याप्रमाणे तीन आठवड्यांनी वडील वही घेऊन शाळेत गेले. मधल्या काळात बाईंनी वर्गात चार उदाहरणे दिली होती. तिन्ही ओळी सर्व ठिकाणी होत्या. तीन उत्तरे बरोबर होती. चौथ्यात तो पुन्हा विक्री किमतीवर घसरला होता. पण या वेळी बाईंनी ‘सुधारणा आवश्यक’ लिहिले नव्हते. चुकलेल्या आकड्याभोवती लाल वर्तुळ काढून शेजारी त्यांनी लिहिले होते, ‘खरेदी किंमत?’