गंजीतली घट कोणाच्या खात्यावर?

यवतमाळ, वणी, पांढरकवडा, राळेगाव, घाटंजी. या भागातल्या जिनिंगमध्ये मार्चअखेर एक आकडा डोळे झाकून लिहिला जातो: ‘घट २ टक्के’. मालकाला तो मान्य असतो, मुनीमजींना सवयीचा असतो आणि लेखापरीक्षकही बहुधा त्याला हात लावत नाही. माझं म्हणणं असं की हा आकडा लिहायचाच नसतो, तो शोधून काढायचा असतो. तो शोधता येईल अशी वही बहुतेक जिनिंगमध्ये ठेवली जात नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे.

एक नमुना हिशेब घेऊ. हंगामात १,००० क्विंटल कापूस घेतला. भाव सोयीसाठी क्विंटलला ७,००० रुपये धरू, म्हणजे ७० लाखांचा माल. ३१ मार्चपर्यंत त्यातला ६०० क्विंटल मशीनवर गेला. उरलेली गंजी तपासली तेव्हा ३७२ क्विंटल चांगला कापूस निघाला आणि ६ क्विंटल अवकाळी पावसात भिजून पिवळा पडलेला.

नियतकालिक पद्धतीत, म्हणजे वर्षअखेर एकदाच साठा मोजून, हिशेब असा होतो: सुरुवातीचा साठा अधिक खरेदी, वजा अखेरचा साठा, म्हणजे वापरलेला माल. अखेरचे ३७८ वजा केले की वापर ६२२ क्विंटल येतो. मशीनवर गेले ६०० आणि खर्ची पडले ६२२. मधले २२ क्विंटल कुठे गेले, हे विचारायला या सूत्रात जागाच नाही, कारण अखेरची मोजणी उत्तरात आधीच मिसळून गेली आहे. तूट व्यापार खात्यात विरघळते, ढोबळ नफा थोडा घसरतो, आणि मालक म्हणतो की यंदा उतारा कमी पडला. मोजणी अगदी काटेकोर केली तरी यात फरक पडत नाही.

सतत साठा पद्धतीत दर आवकेची आणि दर उचलीची नोंद त्याच दिवशी होते. वहीत शिल्लक ४०० दिसते, गंजीत ३७८ सापडते. आता २२ क्विंटलचा फरक समोर आहे आणि त्याचे भाग पाडता येतात.

पहिला भाग ओलाव्याचा. भारतीय कापूस महामंडळ ८ ते १२ टक्के ओलाव्याचा कापूस घेतं आणि ८ टक्क्यांच्या वर भावात कपात करतं. आपल्या गंजीतला कापूस खरेदीवेळी सरासरी १२ टक्क्यांचा होता आणि मार्चमध्ये तो ९ टक्क्यांवर आला असं समजू. ४०० क्विंटलमध्ये पाणी सोडून कोरडा माल ३५२ क्विंटल. तोच माल ९ टक्के ओलाव्याला ३५२ भागिले ०.९१, म्हणजे ३८६.८ क्विंटल भरेल. तेव्हा १३.२ क्विंटल हवेत गेले, त्यात कोणाचा दोष नाही. हे गणित जमायचं तर फाटकावर प्रत्येक गाडीचा ओलावा पावतीवर लिहिलेला हवा. तो लिहिला नसेल तर ‘२ टक्के’ ही निव्वळ समजूत उरते. ती कधी खऱ्या सुकण्यापेक्षा कमी असते, कधी जास्त, आणि जास्त असते तेव्हा कोणीतरी तेवढा कापूस निर्धास्तपणे उचलू शकतो.

सुकण्याची ही घट नेहमीची आहे, म्हणून ती तोटा म्हणून वेगळी लिहायची नाही. २८ लाखांची शिल्लक आता ३८६.८ क्विंटलवर पसरते आणि क्विंटलचा पडता दर ७,००० वरून सुमारे ७,२४० होतो. चांगल्या ३७२ क्विंटलची किंमत याच दराने धरायची.

भिजलेले ६ क्विंटल हरवलेले नाहीत, ते समोर आहेत. त्यांची पडती किंमत ४३ हजारांच्या आसपास येते. विकून क्विंटलला ३,००० मिळणार असतील तर साठा १८ हजारांनाच दाखवायचा आणि साधारण साडेपंचवीस हजार नुकसान त्याच वर्षी लिहून टाकायचं. असा कापूस चांगल्यात मिसळून गाठी बांधल्या आणि त्या गाठी खर्च भरून निघेल अशा भावाने विकल्या जाणार असतील, तर किंमत उतरवायची गरज नसते. पण मिसळल्याने गाठींची प्रत उतरते का, हे आधी पाहायला हवं.

राहिले ८.८ क्विंटल, सुमारे ६४ हजारांचे. त्यांचं कारण सापडलेलं नाही. लेखा मानक २ नुसार असाधारण नासाडी साठ्याच्या किमतीत धरायची नाही, ती नफा-तोटा खात्यावर टाकायची. तिला स्वतःचं नाव हवं: ‘साठा तूट खाते’ नावे, खरेदी खाते जमा. संगणकावर हिशेब ठेवणाऱ्यांनी इथे विशेष जपावं. टॅलीमध्ये `Physical Stock` व्हाउचर टाकलं की वजन मोजणीप्रमाणे दुरुस्त होतं, पण कोणत्याही खात्याला नोंद जात नाही. तूट पुन्हा गुपचूप ढोबळ नफ्यात शिरते. जर्नल नोंद वेगळी करावीच लागते.

कराचा भागही याच ८.८ क्विंटलशी बांधलेला आहे. शेतकऱ्याकडून घेतलेल्या कापसावर जिनिंगवाला स्वतः ५ टक्के जीएसटी भरतो आणि त्याचं क्रेडिट घेतो. हरवलेल्या, चोरीला गेलेल्या, नष्ट झालेल्या किंवा खात्यातून काढून टाकलेल्या मालावरचं क्रेडिट कलम १७(५)(ह) खाली परत करावं लागतं. इथे ते सुमारे ३,१८५ रुपये होतं. सगळा २२ क्विंटलचा फरक एकाच ‘घट’ शब्दाखाली लिहिलेला असेल, तर सुकण्याचे १३.२ क्विंटल त्यातून वेगळे काढून दाखवणं तुमच्यावरच येतं.

इथवर मी गृहीत धरलं की ६०० क्विंटलची उचल खरोखर वजन करून लिहिलेली आहे. प्रत्यक्षात बरेचदा तसं होत नाही. मशीनवर जाणारा कापूस कोणी तोलत नाही. संध्याकाळी गाठी मोजतात आणि ३४ टक्के उताऱ्याने कापसाचा वापर उलटा काढून लिहितात. १७० किलोच्या १२० गाठी म्हणजे २०,४०० किलो रुई, ती ३४ टक्के, म्हणून कापूस ६०० क्विंटल. वही दिसायला सतत पद्धतीची, पण त्या वहीची उचल प्रत्यक्ष तोलावर नाही, ठरवलेल्या उताऱ्यावर उभी आहे. उतारा खरोखर ३३ टक्के असेल तर त्याच १२० गाठींसाठी ६१८ क्विंटल कापूस लागला आणि १८ क्विंटलची ‘तूट’ कागदावरच जन्मली. उतारा ३५ असेल तर उलट होतं: ५८३ क्विंटलच लागले, आणि वहीतल्या जादा १७ क्विंटलच्या आडून तेवढा माल बाहेर गेला तरी वही जुळते. म्हणून उचल काट्यावरून लिहावी आणि गाठी व सरकीच्या वजनाने तिची पडताळणी करावी. दोन आकडे एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच त्यांच्यातल्या फरकाला अर्थ येतो.

गंजीच्या मोजणीलाही मर्यादा आहे. लांबी, रुंदी, उंची घेऊन काढलेलं वजन अंदाजच असतं, कारण तळाचा कापूस दबलेला आणि वरचा भुसभुशीत. ३१ मार्चच्या अशा मोजणीवर ८.८ क्विंटलची चोरी सिद्ध करायला जाऊ नये. गंजीला क्रमांक द्यावा, तिची आवक-उचल स्वतंत्र ठेवावी, आणि ती गंजी झाडून संपते त्या दिवशी तिचा हिशेब बंद करावा. जमीन मोकळी झाली की शिल्लक शून्य आहे यात वाद उरत नाही. वहीत तेव्हा जे उरेल, त्यातून सुकण्याचं वजन वजा करावं आणि बाकी वजनाची रक्कम त्याच आठवड्यात तूट खात्यावर घालावी, त्या काळात काट्यावर आणि फाटकावर कोण होतं हे लोकांना आठवत असतानाच.