बीट चिरून उकडू नका, किसा

आमच्या इंदूरच्या मराठी घरांत बिटाच्या भाजीवर दोन तट आहेत. एक तट फोडी कुकरात उकडतो, लाल पाणी मोरीत ओततो आणि मग गोडी कमी पडली म्हणून चिमूटभर साखर घालतो. जन्मभर बँकेत काढलेल्या माणसाला हा व्यवहार बघवत नाही. मुद्दल पाण्यात सोडायचं आणि वरून कर्ज काढायचं! बिटाचा रंग आणि साखर, दोन्ही पाण्यात विरघळतात. म्हणजे पाणी ओतलं की दोन्ही गेलं.

मी दुसऱ्या तटाचा. अर्धा किलो बीट सोलून मोठ्या भोकांच्या किसणीवर किसावं, तेही फोडणीच्या अगदी आधी. बारीक किसलं तर लगदा होतो. दोन चमचे तेलात मोहरी, जिरं, हिंग, हिरवी मिरची, कढीपत्ता. हळद नको, रंग मळकट होतो. कीस घालून लगेच मीठ घालावं, म्हणजे त्याला स्वतःचंच पाणी सुटतं. वरून दोन-तीन चमचे पाण्याचा हबका मारला की झालं.

खरी गंमत झाकणात आहे. कढईवर खोलगट ताटली ठेवून तिच्यात गार पाणी घालायचं. ताटली गार राहते, आतली वाफ तिला लागून थेंब होते आणि परत भाजीत पडते. मंद आचेवर सात-आठ मिनिटं पुरतात, मध्ये एकदाच परतायचं. कान द्यायचा, बरं का. बुडबुड ऐकू आली तर पाणी जास्त झालंय, झाकण काढा. कोरडं चरचरलं तर ताटलीतलंच गरम पाणी चमचाभर घाला. कीस दाताखाली मऊ पण मोकळा लागला की गॅस बंद. फार वेळ शिजवलं तर लाल रंग तपकिरी होतो, आणि सोडा घातला तर विचारूच नका. शेवटी लिंबू पिळावं, ओलं खोबरं घालावं. आंबटाने लाली टिकते, मातकट वासही दबतो. पानात भाजीभोवती लाल पाण्याचं तळं दिसलं नाही म्हणजे जमलं.

थंडीतल्या लाल गाजरांना हीच रीत, फक्त पाच मिनिटं पुरे. मधला पिवळट दांडा किसू नये, तो फिका नि चिवट असतो. गाजराचा रंग पाण्यात उतरत नाही, तेलात उतरतो, म्हणून उकडलं तरी ते लालच दिसतं आणि माणूस फसतो. गोडी मात्र पाण्याबरोबर गेलेली असते.

कुकरवाल्यांचं एक मान्य. कोशिंबिरीसाठी अख्खं बीट सालासकट, देठाचा बोटभर भाग ठेवून उकडलं तर फारसं काही गळत नाही. आणि उन्हाळ्यातलं जून, दोऱ्यादोऱ्यांचं बीट किसूनही नीट शिजत नाही. ते भाजीवाल्याकडेच राहू द्यावं.

तुमच्याकडे फोडणीत काय पडतं? बडोदेकर साखर घालतील, ते मी धरूनच चाललोय.