दिरहम वधारला, पण कुणासाठी?

रमजान लागला की दापोली-खेडच्या बाजारात खजूर-शेवयांची झुंबड उडते आणि घराघरांत एकच विचारणा असते, ‘आज दिरहम कितीला?’ दिरहम 1997 पासून डॉलरशी 3.67 या दराने बांधलेला आहे. त्यामुळे रुपया डॉलरपुढे घसरला की आखातातला पगार तोच राहतो आणि इथे मिळणारी रक्कम मात्र वाढते.

2013 चंच पाहा. मेच्या सुरुवातीला डॉलर सुमारे 54 रुपयांना होता. महिन्याला 1500 दिरहम पाठवणाऱ्याच्या घरी तेव्हा 22 हजार येत. मधे ईद झाली, ऑगस्टअखेर डॉलर 68 वर गेला आणि त्याच 1500 दिरहमांचे जवळपास 28 हजार झाले. या वाढीला बरकत समजून कुणी गाडीचा हप्ता बांधून घेतला असेल, तर ऑक्टोबरात डॉलर साडेएकसष्टच्या आसपास उतरला आणि हाती 25 हजारच आले.

शिवाय ही बरकत सगळ्यांची नव्हे. रुपया घसरला की बाहेरून येणारं खाद्यतेल आणि इंधन महागतं. ज्या शेजाऱ्याच्या घरातलं कुणी दुबईला नाही, त्यालाही ते त्याच भावाने घ्यावं लागतं. आखाती पैशाने जमिनीचा भाव आणि गवंड्याची मजुरी चढलेली असते, ती वेगळीच. (हे पैसे आलेच नसते तर रुपया आणखी घसरला असता, हेही खरं.)

म्हणून दराने दिलेली वाढ घरखर्चात मुरवू नये, असं माझं मत आहे. ती बाजूला मोजावी आणि जकात देऊन झाल्यावर तिच्यातून त्या शेजाऱ्याची वाण्याकडची उधारी फेडावी, सदका म्हणून, गाजावाजा न करता.